दोन हजार वॅटचा हीटर आणि अठरा अंशांवर अडलेली खोली : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे घर दिल्लीतलं. चार मजली इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. कुटुंब मूळचं नाशिक जिल्ह्यातलं, मुलाच्या नोकरीमुळे दिल्लीत स्थिरावलेलं. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाने आईला डिसेंबरात इथे आणलं. या लेखात त्यांना आजीच म्हणतो. ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. खोलीची मापं मात्र जवळपास जशी होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळा मुद्दा त्यांच्यातच आहे.

इमारतींचा वीजवापर तपासणं हा माझा व्यवसाय. मुलाचा फोन आला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. "खोली गरमच होत नाही हो. दोन हजारचा ऑइल हीटर रात्रभर चालू असतो, तरी आई दोन रजया घेऊन कुडकुडते. अजून एक हीटर आणू का, की मोठा बघू?"

आजींना दिलेली खोली घराच्या वायव्य कोपऱ्यात होती. ४.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. उत्तरेची आणि पश्चिमेची भिंत बाहेरची, नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली. दोन सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, एकेरी काचेच्या, मिळून ४ चौरस मीटर. वर सहा इंची स्लॅब आणि त्यावर गच्चीच्या फरशा. ही खोली निवडण्याचं कारण एकच होतं. बाथरूम खोलीला लागून होतं आणि वॉकर घेऊन आजींना तिथवर चार पावलांत जाता येत होतं.

अडचण

मी संध्याकाळी सातला पोहोचलो. हीटर पाचपासून चालू होता. मी थर्मामीटर खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर ठेवला, तो १७ दाखवत होता. रात्री अकराला १८ झाला आणि तिथेच थांबला. पहाटे बाहेर ६ अंश होते तेव्हाही आत १८ च्या जवळपासच. हीटरचा थर्मोस्टॅट एकदाही कट झाला नव्हता. म्हणजे रात्रीचे बारा तास धरले, तर २ किलोवॅट गुणिले १२, म्हणजे २४ युनिटं एका रात्रीत जात होती आणि खोली तिथेच होती.

आजी म्हणाल्या ते मी वहीत लिहून घेतलं, कारण त्यात अर्धं निदान होतं. "निफाडची थंडी पाहिलेली बाई मी. पण तिकडे सकाळी अंगणात बसलं की हाडं शेकून निघायची. इथे दिवसाही भिंतीला हात लावला तर गार."

निफाडला पहाटे पारा चार-पाच अंशांवर जातो, पण दुपारी चांगलं ऊन असतं. विटेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू परत देते. दिल्लीत जानेवारीत धुकं धरलं, की दुपारचं तापमानही चौदा-पंधराच्या वर जात नाही. हवामान खातं त्याला 'थंड दिवस' म्हणतं. असे चार-पाच दिवस लागोपाठ आले, की भिंतीत आणि स्लॅबमध्ये साठवलेलं काही उरतच नाही. हीटरला हवा तर तापवावी लागतेच, वर विटांची तहानही भागवावी लागते.

दुसरी गोष्ट मी लेझरच्या थर्मामीटरने पाहिली. हवा १८ अंश असताना भिंतीचा आतला पृष्ठभाग १५ च्या आसपास होता, छत १४ आणि खिडकीची काच ९. माणसाला थंडी वाजते ती फक्त हवेमुळे नाही. अंगातली उष्णता समोरच्या गार पृष्ठभागांकडे सतत जात असते. आजींचा पलंग खिडकीला लागून, उशी काचेपासून दोन फुटांवर. हवा आणखी दोन अंशांनी तापवली असती, तरी त्या जागी त्यांना गारच वाटलं असतं. म्हणून पहिलं काम त्याच रात्री केलं. पलंग आतल्या भिंतीला सरकवला. सकाळी आजींनी आपणहून सांगितलं, की झोप लागली. तापमान तेवढंच होतं.

हिशेब

मोठा हीटर आणायचा की नाही, याचं उत्तर देण्यासाठी ऊब कुठून किती निसटते ते काढावं लागतं. पद्धत सोपी आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट जातात, हा प्रत्येक बांधकामाचा एक आकडा असतो. त्याला यू-मूल्य म्हणतात. तो क्षेत्रफळाने गुणायचा, मग अंशांच्या फरकाने.

नऊ इंची प्लास्टर केलेल्या विटेच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण २ धरतात. खिडक्या वजा जाता बाहेरच्या भिंती १९.४ चौरस मीटर, म्हणजे एका अंशामागे ३९ वॅट. एकेरी काचेचं यू-मूल्य ५.८ च्या आसपास, म्हणून ४ चौरस मीटर काचेतून २३ वॅट. फरशी घातलेल्या, पण उष्णतारोधक थर नसलेल्या स्लॅबचं मी ३.३ धरलं. स्लॅब १५ चौरस मीटर, म्हणजे ५० वॅट.

राहिली फटींतून जाणारी हवा. अगरबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती फिरवली. दोन झडपा जिथे एकमेकांवर येतात, तिथे धुराची रेघ सरळ आत वळली. तिथला लोकरी ब्रश झिजून टक्कल पडलेला होता. दाराखाली बोटभर फट होती. यावरून मी धरलं, की खोलीतली सगळी हवा तासाला दीड वेळा बदलते. हा आकडा मोजलेला नाही, अनुभवाचा अदमास आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. खोलीत ४५ घनमीटर हवा, म्हणजे हा खर्च एका अंशामागे २२ वॅट.

बेरीज १३४ वॅट. बाहेर ६ असताना आत २० हवे असतील तर फरक १४ अंशांचा, म्हणजे जवळपास १,९०० वॅट. शिवाय घराच्या बाकीच्या खोल्या १४ अंशांवर होत्या, तिकडेही आतल्या भिंतींतून साडेतीनशे वॅट जात होते. एकूण सव्वादोन हजार. हीटर दोन हजारांचा. तो अठराच्या आसपास अडत होता यात नवल नव्हतं. आणि निरभ्र रात्री गच्ची आकाशाकडे उष्णता फेकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

मुलाने वहीतला कागद पाहिला आणि त्याची नजर पन्नासवर थांबली. "म्हणजे सगळ्यात जास्त वरून जातंय?" तोपर्यंत घरात सगळ्यांना खात्री होती, की थंडी खिडकीतून येते. काच हाताला गार लागते आणि तिथून वारा जाणवतो, म्हणून ते साहजिक होतं. छताला कोणी हात लावत नाही.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय दुसरा हीटर. तो मी त्याच दिवशी बाजूला काढला, कारण घरात एक खूण दिसली होती. हीटरची पिन एक्स्टेंशन बोर्डात होती आणि त्या बोर्डाचं प्लास्टिक पिनेभोवती पिवळं पडून मऊ झालं होतं. दोन हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. तो बोर्ड ६ अँपिअरचा होता. आठवडाभर रोज बारा तास तो तापत होता. हीटर लगेच भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर नेला. खोलीत तसा सॉकेट एकच होता. दुसऱ्या हीटरसाठी वेगळी वायर ओढावी लागली असती आणि इतकं करून रात्रीची युनिटं आणखी वाढली असती.

शेजाऱ्यांनी सुचवलेली कोळशाची शेगडी मी एका वाक्यात नाकारली. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशाने माणसं जातात.

"दुसऱ्या कंपनीचा हीटर कमी वीज खातो म्हणे," असं सूनबाईंनी विचारलं. विजेच्या तारेने तापणारा कोणताही हीटर, तेलाचा असो, पंख्याचा असो की लाल नळ्यांचा, एका युनिटमागे एकाच युनिटची उष्णता देतो. फरक पडतो तो ऊब कशी पोहोचते यात. लाल नळ्यांचा समोर बसलेल्याला लगेच शेकतो, तेलाचा हळू तापतो आणि रजईला धोका कमी. आजींसाठी तेलाचाच योग्य होता.

खरा वेगळा पर्याय एकच, गरम-थंड दोन्ही करणारा एसी. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमध्ये अडीच-तीन युनिटांची ऊब मिळू शकते. पण घरातला एसी फक्त थंड करणारा होता, दोन वर्षांपूर्वीच घेतलेला. आजींना अंगावर येणारा झोत नको होता आणि गरम हवा छताशीच जमून राहते, ही अडचण गार छताखाली जास्तच जाणवली असती. तो विचार पुढे ढकलला.

दुहेरी काचेच्या खिडक्यांचं दरपत्रक मुलाने आधीच मागवून ठेवलं होतं, पंचेचाळीस हजारांच्या वर. खिडक्यांतून आणि त्यांच्या फटींतून मिळून एका अंशामागे चाळीस-पंचेचाळीस वॅट जात होते. नव्या खिडक्यांनी त्यातले पंचवीसेक वाचले असते. छतावर पंचवीस हजारांत चाळीस वाचत होते. इथे निर्णय अवघड नव्हता. अवघड होतं ते छताचं काम कुठून करायचं. गच्चीवर उष्णतारोधक पाट्या घालून वर फरशी करणं सगळ्यात उत्तम, कारण उन्हाळ्यातही स्लॅब तापत नाही. पण धुक्याच्या दिवसांत गच्ची उकरली, तर जलरोधक थर वाळायला ऊन मिळणार नव्हतं. म्हणून आतून करायचं ठरलं. खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर दोन इंची ग्लासवुलचे तक्के. थर्माकोल स्वस्त पडलं असतं, पण ते पेटतं, आणि ज्या खोलीत हीटर रात्रभर चालतो तिथे मला ते नको होतं.

काय केलं

आजींना चार दिवस मधल्या खोलीत हलवलं. ती खोली लहान, फक्त एका बाजूने बाहेरची भिंत, शेजारी स्वयंपाकघर. छत तिथेही तसंच उघडं. तरी तिथे हीटर हजार वॅटवर ठेवला तरी १९ अंश टिकत होते. याकडे मी तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही.

खिडक्यांचे झिजलेले ब्रश बदलले, चौकटीच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, दाराखाली रबराची पट्टी लावली. काचेच्या आतल्या बाजूला चौकटीवर पारदर्शक ॲक्रिलिकची पत्री चुंबकपट्टीने बसवली, म्हणजे काचेत आणि तिच्यात पाऊण इंच हवा अडकून राहते. पत्री उन्हाळ्यात काढता येते. वर जाड पडदे, पेलमेटपासून जमिनीपर्यंत. पडदा वरून उघडा राहिला, तर गार काचेला लागून हवा खाली घसरते आणि जमिनीवरून पायांपाशी येते. पडद्याची जाडी कितीही असो, ही धार थांबत नाही.

छताच्या कामात एक चूक होता होता राहिली. ग्लासवुलच्या एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल असते. कारागिरांनी अर्धे तक्के फॉइल वर करून टाकले होते, कारण त्यांना उन्हाळ्याच्या कामांची सवय. हिवाळ्यात फॉइल खाली, उबदार खोलीच्या बाजूला हवी. थर घातल्यावर स्लॅबचा खालचा भाग बाहेरइतकाच गार होतो, सात-आठ अंश. खोलीतली दमट हवा ग्लासवुलमधून तिथवर गेली, तर स्लॅबला आतून घाम फुटतो, ग्लासवुल भिजतं आणि भिजलेलं ग्लासवुल ऊब अडवत नाही. मी शिडीवर चढून पाहिलं म्हणून कळलं. तक्के उलटे केले, फॉइलचे सांधे चिकटपट्टीने बंद केले.

निष्पत्ती

कागदावर छताचे ५० वॅट ९ वर आले होते, काचेचे २३ वरून ११, हवेचे २२ वरून १०. भिंती होत्या तशाच, ३९. बेरीज १३४ वरून ६९. रात्रीची सरासरी बाहेर ८ आणि आत १९ धरली, तर आतल्या भिंतींसकट साधारण हजार वॅट, बारा तासांत १२-१३ युनिटं. मी मुलाला सांगून बसलो, की वापर निम्मा होईल.

पहिल्या रात्री हीटरच्या प्लगला लावलेल्या मीटरवर १९ युनिटं दिसली. दुसऱ्या रात्री १७. मुलाचा फोन सकाळी सातलाच आला, आणि आवाजावरून कळत होतं, की पैसे वाया गेले असं त्याला वाटतंय. खोली चार दिवस बंद आणि गार पडून होती. भिंती पुन्हा तापायला दोन रात्री लागल्या. हे त्याला आधीच सांगायला हवं होतं. चौथ्या रात्री १३ युनिटं आली आणि पुढे १२ ते १४ मध्ये राहिली. थर्मोस्टॅट आता कट होत होता. छताचा पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम अर्धा अंश गार.

रात्रीला अकराएक युनिटं वाचली. थंडीचे साठ दिवस धरले, तर सहा-साडेसहाशे युनिटं. त्यांच्या बिलात वरच्या टप्प्याचं युनिट अधिभारांसकट साडेआठ रुपयांना पडत होतं, म्हणजे हिवाळ्याला साडेपाच हजारांच्या आसपास. नुसत्या हिवाळ्यावर खर्च भरून यायला पाचेक वर्षं लागतील. उन्हाळ्यात एसीची जी बचत होईल ती वेगळी, मी ती मोजलेली नाही.

फेब्रुवारीत एक नवी गोष्ट निघाली. पश्चिमेच्या भिंतीला लागून लाकडी कपाट होतं, त्याच्यामागे काळी बुरशी धरली. खोलीच्या फटी बुजवल्यामुळे ओलावा बाहेर जात नव्हता. त्यात हीटरजवळ पाण्याचं पातेलं ठेवलेलं, हवा कोरडी होऊ नये म्हणून, जसं बहुतेक घरांत ठेवतात. कपाटामागची भिंत खोलीच्या उबेपासून अडलेली, म्हणून सगळ्यात गार, आणि ओलावा नेमका तिथेच बसला. पातेलं काढलं, कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढलं, रोज दुपारी दहा मिनिटं दोन्ही खिडक्या उघडायला सांगितलं. दहा मिनिटांत हवा बदलते, पण भिंतींतली ऊब जात नाही. बाहेरची हवा आत येऊन तापली, की कोरडी होते. आठवड्यात भिंत वाळली.

पुन्हा करायचं झालं तर

मधल्या खोलीतल्या त्या चार रात्री हे या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं मोजमाप होतं, आणि ते मी वापरलं नाही. लहान, आतली, एकच भिंत उघडी असलेली खोली काहीही न करता निम्म्या विजेत ऊबदार राहत होती. अडचण फक्त बाथरूमची होती. रात्रीपुरती कमोड खुर्ची ठेवून आजी महिनाभर तिथे राहू शकल्या असत्या का, हे त्यांना विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही, कारण मला खोली दुरुस्त करायची होती. मार्चमध्ये विषय निघाला तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे, मला तर तीच खोली आवडली होती. सूनबाई स्वयंपाक करताना बोलणं व्हायचं."

भिंतींचे ३९ वॅट आता एकूण गळतीच्या निम्म्याहून जास्त आहेत. पण बाहेरच्या भिंतीला आतून थर देणं म्हणजे स्विचबोर्ड, पडद्यांच्या पट्ट्या, कपाटं सगळं हलवणं, आणि ओलाव्याचा धोका छतापेक्षा जास्त. त्याऐवजी आताचा एसी बदलायची वेळ येईल तेव्हा गरम-थंड घ्यावा, असं मी लिहून दिलं आहे. गळती निम्मी झाल्यामुळे तो एका टनाचाही पुरेल. आधीच घेतला असता, तर दीड टनाचा घ्यावा लागला असता.

गच्चीचं काम ऑक्टोबरात करायचं ठरलं आहे. पाऊस संपलेला असतो, ऊन असतं, धुकं अजून लांब. मुलाने गवंड्याशी बोलून ठेवलं आहे. गच्चीवर थर पडला, की स्लॅब उबदार बाजूला येईल आणि घामाची भीती जाईल. आतलं ग्लासवुल तेव्हाही राहू द्यायला हरकत नाही. मात्र त्याआधी सीलिंगची एक पाटी उघडून वर ओल धरली आहे का, ते पाहायचं आहे.